फिरवणारी आणि ताणणारी मॅट्रिक्स: संमिश्र आयगेनव्हॅल्यू आलेख कागदावर कशी वाचायची

आलेख कागद, पट्टी आणि कोनमापक जवळ घ्या. हा सगळा लेख एकाच मॅट्रिक्सवर आहे:

```
A = |  3  -5 |
    |  1  -1 |
```

(x, y) हा बिंदू दिला की ही मॅट्रिक्स (3x − 5y, x − y) हा बिंदू परत देते. आकडे मुद्दाम पूर्णांक घेतले आहेत, म्हणजे बहुतेक कामाला कॅल्क्युलेटर लागणार नाही. 2×2 मॅट्रिक्सने सदिशाला गुणता येत असेल, वर्गसमीकरण सोडवता येत असेल आणि i² = −1 एवढे ठाऊक असेल, तर पुढचे सगळे हाताने करता येते. आणि ते हातानेच करावे. या विषयात सूत्र पाठ होते, पण ते कागदावर नेमके काय करते हे कळायचे राहून जाते.

पायरी 1: आधी एक बिंदू चालवून पाहा

आयगेनव्हॅल्यू काढायची घाई करू नका. (1, 0) पासून सुरुवात करा आणि आलेल्या उत्तराला पुन्हा पुन्हा A ने गुणत जा:

(1, 0) → (3, 1) → (4, 2) → (2, 2) → (−4, 0)

पाचही बिंदू कागदावर मांडा आणि प्रत्येकाला आरंभबिंदूशी जोडा. पट्टीने मोजलेल्या लांब्या 1, 3.16, 4.47, 2.83 आणि 4 येतात. X-अक्षापासूनचे कोन 0°, 18.4°, 26.6°, 45° आणि 180° येतात. लांबी आधी वाढते, मध्येच घटते, पुन्हा वाढते. कोनाचा तर काही ताळमेळच दिसत नाही: पहिल्या पावलाला 18.4°, दुसऱ्याला जेमतेम 8.1°, तिसऱ्याला पुन्हा 18.4° आणि चौथ्याला एकदम 135°.

आता शेवटचा बिंदू नीट पाहा. (−4, 0) म्हणजे सुरुवातीच्या बिंदूची बरोबर −4 पट. हा योगायोग नाही. (0, 1) पासून निघालात तर (−5, −1), (−10, −4), (−10, −6) आणि मग (0, −4). पुन्हा −4 पटच. कुठूनही निघा, चार पावलांनी बिंदू समोरच्या बाजूला, चौपट अंतरावर पोहोचतो. थोडक्यात A⁴ = −4I, इथे I म्हणजे एकक मॅट्रिक्स.

चार पावलांत अर्धी फेरी आणि चौपट अंतर. हे चार पावलांत सारखे वाटले तर प्रत्येक पावलाच्या वाट्याला 45° येतात, आणि ताण √2 पट येतो, कारण √2 चार वेळा गुणला की 4 होतो. मघाशी मोजलेल्या चार कोनांची बेरीजही 180° च भरते. म्हणजे 45° आणि √2 हे आकडे कुठेतरी आहेत, पण कोनमापकाने मोजले तर एकाही पावलात 45° सापडत नाहीत. ते कुठे लपले आहेत, हेच पुढच्या पायऱ्यांत शोधायचे आहे.

पायरी 2: आयगेनव्हॅल्यू काढा आणि त्यातले दोन आकडे वेगळे वाचा

'आयगेन' हा जर्मन शब्द आहे, अर्थ 'स्वतःचा'. डेव्हिड हिल्बर्टने 1904 मध्ये तो या अर्थाने वापरला. मॅट्रिक्सची 'स्वतःची' दिशा म्हणजे अशी रेषा, की जिच्यावरचा बिंदू मॅट्रिक्स लावल्यावर त्याच रेषेवर राहतो, फक्त पुढेमागे सरकतो. त्या रेषेवरचा बाण म्हणजे आयगेनव्हेक्टर, आणि तो जितक्या पट होतो तो आकडा λ म्हणजे आयगेनव्हॅल्यू. आपली A अशी एकही रेषा सोडत नाही, प्रत्येक रेषेला ती वळवतेच. म्हणून वास्तव आयगेनव्हॅल्यू निघणार नाही, हे समीकरण मांडण्याआधीच अपेक्षित आहे.

समीकरण असे आहे, det म्हणजे निश्चयक:

det(A − λI) = (3 − λ)(−1 − λ) + 5 = λ² − 2λ + 2 = 0

विवेचक 4 − 8 = −4, म्हणजे ऋण. मुळे λ = 1 + i आणि λ = 1 − i. मॅट्रिक्समधले आकडे वास्तव असले की संमिश्र मुळे नेहमी अशी अनुबद्ध जोडीनेच येतात.

ही मुळे संमिश्र प्रतलात मांडा. आरंभबिंदूपासून 1 + i चे अंतर √2 आहे आणि त्याचा कोन 45° आहे. पहिल्या पायरीत चार पावले चालून जे दोन आकडे अंदाजाने हाती आले होते, तेच इथे एका वर्गसमीकरणातून मिळाले. अंतराला r म्हणू, कोनाला θ.

हे दोन आकडे मुळे न काढताही मिळतात. मुख्य कर्णावरच्या संख्यांची बेरीज, म्हणजे ट्रेस, ही 3 + (−1) = 2. निश्चयक 3·(−1) − (−5)·1 = 2. मग

r = √निश्चयक = √2
cos θ = ट्रेस / (2r) = 2 / (2√2) = 0.7071, म्हणून θ = 45°

r निश्चयकातून का यावा, याचे कारण साधे आहे. निश्चयक म्हणजे क्षेत्रफळ किती पट होते तो आकडा. फिरवल्याने क्षेत्रफळ बदलत नाही, आणि r पट ताणले की ते r² पट होते. निश्चयक 2, म्हणून r² = 2. हे सूत्र मुळे संमिश्र असतील तेव्हाच लागू होते. मुळे 4 आणि 0.5 अशी वास्तव असली तरी निश्चयक 2 च येईल, पण तिथे √2 ला असा काही अर्थ नाही. म्हणून आधी विवेचक तपासावा: ट्रेसचा वर्ग निश्चयकाच्या चौपटीपेक्षा कमी असेल तरच पुढे जावे.

θ काढायला बरेच जण मूळ a + bi धरून tan⁻¹(b/a) वापरतात आणि वास्तव भाग ऋण असला की फसतात. मुळे −1 ± i असतील तर tan⁻¹(1/(−1)) असे टाकल्यावर कॅल्क्युलेटर −45° दाखवतो, खरा कोन 135° आहे. cos⁻¹ वापरला तर उत्तर 0° ते 180° मध्येच येते आणि ही चूक होत नाही. पावले किती हे मोजायचे असेल तर कॅल्क्युलेटर अंशांवर आहे की रेडियनवर, तेही पाहून घ्या.

पायरी 3: संमिश्र आयगेनव्हेक्टर काढा

दोन मुळांपैकी λ = 1 − i घ्या, म्हणजे वजा चिन्हाचे. कारण पुढच्या पायरीत दिसेल.

```
A - λI = | 2+i   -5  |
         |  1   -2+i |
```

दुसऱ्या ओळीवरून x + (−2 + i)y = 0. y = 1 घेतले की x = 2 − i. म्हणून v = (2 − i, 1).

इथे नवखा माणूस हमखास अडतो. दोन ओळी एकमेकींच्या पटीत आहेत असे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून वाटते की उत्तर फक्त (0, 0) च असणार. दुसऱ्या ओळीला (2 + i) ने गुणून पाहा: 1 चे 2 + i होते, आणि (2 + i)(−2 + i) = −4 + 2i − 2i − 1 = −5. म्हणजे हुबेहूब पहिली ओळ. λ बरोबर असेल तर हे जमतेच. जमले नाही तर गुणाकार पुन्हा तपासण्याआधी λ पुन्हा तपासा, चूक बहुधा तिथे असते.

पायरी 4: v चे दोन तुकडे करा

संपूर्ण लेखाचा गाभा या पायरीत आहे. v चा वास्तव भाग u आणि काल्पनिक भाग w असे वेगळे करा:

v = u + iw, u = (2, 1), w = (−1, 0)

u आणि w हे साधे, कागदावर काढता येणारे बाण आहेत. Av = λv यात ते टाका:

Au + i·Aw = (1 − i)(u + iw) = (u + w) + i(w − u)

A वास्तव आहे, म्हणून Au आणि Aw हेही वास्तव सदिश आहेत. दोन्ही बाजूंचे वास्तव आणि काल्पनिक भाग जुळवले की

Au = u + w
Aw = −u + w

आकड्यांनी पडताळा घ्या. A(2, 1) = (1, 1), आणि u + w = (2 − 1, 1 + 0) = (1, 1). A(−1, 0) = (−3, −1), आणि −u + w = (−2 − 1, −1) = (−3, −1). दोन्ही जुळले.

आता क्षणभर असे समजा की u हा (1, 0) आहे आणि w हा (0, 1). मग वरची दोन समीकरणे म्हणतात की (1, 0) जातो (1, 1) वर आणि (0, 1) जातो (−1, 1) वर. चौकटीच्या कागदावर हे काढा: चौरस सरळसरळ 45° ने फिरला आणि √2 पट मोठा झाला. A हेच करते. फरक इतकाच की तिच्या कागदावर चौरस घरे नाहीत, u आणि w यांनी बनलेले तिरपे समांतरभुज चौकोन आहेत.

तो तिरपा कागद खरोखर आखून पाहा. आरंभबिंदूपासून (2, 1) पर्यंत एक बाण, (−1, 0) पर्यंत दुसरा, आणि त्यांना समांतर रेषांचे जाळे. कोणताही बिंदू pu + qw असा लिहिता येतो; इथे p = y आणि q = 2y − x. पहिल्या पायरीतले पाच बिंदू या जाळ्यावर वाचा:

| साधा पत्ता (x, y) | जाळ्यावरचा पत्ता (p, q) | जाळ्यावरची लांबी | जाळ्यावरचा कोन |
|---|---|---|---|
| (1, 0) | (0, −1) | 1 | −90° |
| (3, 1) | (1, −1) | √2 | −45° |
| (4, 2) | (2, 0) | 2 | 0° |
| (2, 2) | (2, 2) | 2√2 | 45° |
| (−4, 0) | (0, 4) | 4 | 90° |

लपलेले 45° इथे होते. प्रत्येक पावलाला नेमके 45° आणि नेमके √2 पट, एकदाही कमीजास्त नाही. 'लांबी' आणि 'कोन' इथे p, q हे साध्या चौकटीच्या कागदावरचे अंक समजून काढले आहेत. बाहेरून आडमुठी वाटणारी मॅट्रिक्स तिच्या स्वतःच्या जाळ्यावर अगदी शिस्तीत चालते.

मॅट्रिक्सच्या भाषेत हेच A = PCP⁻¹ असे लिहितात. P चे स्तंभ u आणि w, आणि

```
P = | 2  -1 |      C = | 1  -1 |
    | 1   0 |          | 1   1 |
```

सर्वसाधारणपणे λ = a − bi घेतले तर C ची पहिली ओळ a, −b आणि दुसरी b, a अशी येते. λ = a + bi चा आयगेनव्हेक्टर घेऊन C मात्र हाच लिहिला तर b चे चिन्ह उलटते आणि गुणाकार जुळत नाही. नवख्यांची ही सर्वात मोठी चूक. ती पकडायला P⁻¹ काढावा लागत नाही: AP आणि PC हे दोन गुणाकार करून बघा. इथे दोन्हींची पहिली ओळ 1, −3 आणि दुसरी 1, −1 येते.

आणखी एक गैरसमज आत्ताच दूर करू. u आणि w हे A चे आयगेनव्हेक्टर नाहीत. A त्यांना जागेवरून हलवते, u ला u + w वर नेते. वास्तव प्रतलात A चा आयगेनव्हेक्टर नाहीच. v या संमिश्र सदिशात दडलेली जी माहिती आहे, ती 'न हलणारी दिशा' अशी नसून 'कोणत्या जाळ्यावर ही हालचाल शुद्ध फिरणे दिसते' अशी आहे.

पायरी 5: लंबवर्तुळ काढा

जाळ्यावरच्या लांबीचा वर्ग p² + q² आहे. x, y मध्ये लिहिला की

Q(x, y) = y² + (x − 2y)² = x² − 4xy + 5y²

पाच बिंदूंसाठी Q च्या किमती 1, 2, 4, 8, 16 येतात. प्रत्येक पावलाला दुप्पट, कारण r² = 2. पट्टीने मोजलेली लांबी वरखाली होत होती, ही 'लांबी' होत नाही.

Q = 1 या अटीत बसणारे सगळे बिंदू जोडले की लंबवर्तुळ मिळते. तिरप्या जाळ्यावरचे वर्तुळ आपल्या सरळ कागदावर असे दिसते. आपल्या A साठी ते बरेच चपटे आहे: मोठा अर्धअक्ष 2.414, छोटा 0.414, आणि मोठा अक्ष X-अक्षाशी 22.5° वर. काढायचे असेल तर A ला √2 ने भागा, म्हणजे फक्त फिरणे उरते, आणि (1, 0) पासून आठ पावले चाला. (1, 0), (2.12, 0.71), (2, 1), (0.71, 0.71) हे चार, आणि त्यांचेच चिन्ह उलटलेले चार. आठ पावलांनी बिंदू जिथून निघाला तिथे परत येतो. हे आठही एका लंबवर्तुळावर बसतात.

आता पायरी 1 मधले चमत्कारिक कोन समजतात. 0°, 18.4°, 26.6°, 45° या चारही दिशा मोठ्या अक्षाच्या, म्हणजे 22.5° च्या, दोन्ही बाजूंना सममितीने दाटल्या आहेत. लंबवर्तुळाच्या लांब टोकाजवळ बिंदू दूरवर असतो, त्यामुळे मोठे पाऊल टाकूनही आरंभबिंदूवरून बघताना कोन थोडाच बदलतो. मग तो टोक वळून अरुंद कमरेवरून पलीकडे जातो, आणि त्या एका पावलात 135° ओलांडले जातात. कोनमापक बरोबर होते, फक्त ते वर्तुळासाठी बनवलेले आहे.

हे Q मिळवायला आयगेनव्हेक्टरचीही गरज नाही. बिंदू (x, y) आणि त्याची प्रतिमा (3x − 5y, x − y) यांचा निश्चयक घ्या:

x(x − y) − y(3x − 5y) = x² − 4xy + 5y²

हुबेहूब तेच आले. हा निश्चयक म्हणजे बिंदू आणि त्याची प्रतिमा यांनी बनलेल्या समांतरभुज चौकोनाचे क्षेत्रफळ. एक पाऊल पुढे गेलो की या जोडीवर A लागते, आणि A प्रत्येक क्षेत्रफळ दुप्पट करते, म्हणून Q दुप्पट होणे भागच आहे. दुसऱ्या मॅट्रिक्सला हेच केले तर u, w मधून काढलेल्या सूत्राच्या काही पट येऊ शकते, पण लंबवर्तुळाचा आकार आणि कल तोच राहतो.

फिरण्याची दिशाही यातूनच कळते. हा निश्चयक धन असेल तर प्रतिमा घड्याळाच्या काट्यांच्या उलट बाजूला, ऋण असेल तर काट्यांच्या दिशेने. आयगेनव्हॅल्यू संमिश्र असताना तो सगळ्या बिंदूंसाठी एकाच चिन्हाचा असतो, म्हणून एक बिंदू तपासला तरी पुरते. सर्वात सोपा (1, 0): तिथे निश्चयक म्हणजे मॅट्रिक्सचा खालचा डावा आकडाच. आपल्याकडे तो +1, म्हणून काट्यांच्या उलट. 1 ± i या जोडीकडे नुसते पाहून दिशा कळत नाही, कारण जोडीत दोन्ही चिन्हे आहेत. दिशेसाठी मॅट्रिक्सकडेच परतावे लागते.

पायरी 6: संगणकाचे उत्तर हाताच्या उत्तराशी जुळवा

```python
import numpy as np
A = np.array([[3., -5.], [1., -1.]])
vals, vecs = np.linalg.eig(A)
k = np.argmin(vals.imag)
u, w = vecs[:, k].real, vecs[:, k].imag
P = np.column_stack([u, w])
print(np.linalg.inv(P) @ A @ P)
```

शेवटच्या ओळीत C छापला जातो: 1, −1 आणि 1, 1, दशांशाच्या शेवटी किरकोळ फरक सोडून. पण vecs मधला आयगेनव्हेक्टर पाहिलात तर तो (2 − i, 1) नसून साधारण (0.913, 0.365 + 0.183j) असा दिसेल. हे चूक नाही. आयगेनव्हेक्टरला कोणत्याही शून्येतर संमिश्र संख्येने गुणले तरी तो आयगेनव्हेक्टरच राहतो, आणि NumPy त्याची लांबी 1 करून देते. जुळतो का ते पाहायचे तर पहिल्या घटकाला दुसऱ्याने भागा. दोन्हीकडे 2 − i आले पाहिजे. u आणि w वेगळे येतात, म्हणजे जाळे त्याच लंबवर्तुळावर थोडे फिरवून किंवा लहानमोठे करून ठेवलेले असते. C बदलत नाही.

या कोडमध्ये दोन ठिकाणी घसरायला होते. vecs[:, k] ऐवजी vecs[k] लिहिले तर स्तंभाऐवजी ओळ मिळते आणि C च्या जागी भलतेच आकडे येतात. argmin ऐवजी argmax लिहिले तर +i चे मूळ निवडले जाते आणि C मधल्या मुख्य कर्णाबाहेरच्या दोन आकड्यांची चिन्हे उलटतात. याहून वाईट म्हणजे 'संमिश्र आकडे नकोत' म्हणून vals.real घेऊन पुढे जाणे. आपल्या उदाहरणात त्यातून फक्त 1 उरतो: ना ताण दिसतो, ना फिरणे.

पायरी 7: r वरून पुढचे ओळखा, एका स्प्रिंगच्या गणितात

r > 1 असेल तर बिंदू सर्पिलाकार बाहेर जातो, r < 1 असेल तर आत येतो, r = 1 असेल तर लंबवर्तुळावर फिरत राहतो. हे किती कामाचे आहे ते संगणकावर स्प्रिंग हलवताना दिसते. एकके अशी निवडा की स्प्रिंगचे समीकरण सर्वात साधे होईल: स्थान x, वेग v, आणि त्वरण −x. खरी स्प्रिंग घर्षण नसेल तर तितक्याच झोक्याने हलत राहते. संगणकावर वेळेचे छोटे पाऊल h = 0.1 घेऊन ऑयलरच्या पद्धतीने लिहू:

नवा x = x + 0.1v
नवा v = v − 0.1x

मॅट्रिक्सची पहिली ओळ 1, 0.1 आणि दुसरी −0.1, 1. ट्रेस 2, निश्चयक 1.01. म्हणून r = √1.01 ≈ 1.005 आणि θ ≈ 5.71°. एका फेरीला साधारण 63 पावले लागतात, आणि तेवढ्या वेळात 1.005 स्वतःशी 63 वेळा गुणला जातो: झोका सुमारे 1.37 पट होतो. एका हेलकाव्यात 37 टक्के वाढ, आणि तीही कुठलेही बल न लावता. पडद्यावर झोका आपोआप मोठा होत जाताना दिसतो तेव्हा लोक कोडमध्ये चिन्हाची चूक शोधत बसतात. चूक चिन्हात नाही, निश्चयक 1.01 आहे यात आहे. h कमी केल्याने वाढ मंदावते, पण निश्चयक 1 + h² असल्यामुळे ती पूर्ण कधीच थांबत नाही.

उपाय एका ओळीचा आहे. आधी v बदला आणि मग x बदलताना तो नवा v वापरा:

नवा v = v − 0.1x
नवा x = x + 0.1·(नवा v) = 0.99x + 0.1v

आता मॅट्रिक्सची पहिली ओळ 0.99, 0.1 आणि दुसरी −0.1, 1. निश्चयक 0.99 + 0.01 = 1, म्हणून r नेमका 1. झोका वाढत नाही, विरतही नाही. पायरी 5 चा निश्चयक इथे लावला तर −0.1(x² − 0.1xv + v²) मिळतो. चिन्ह ऋण, म्हणजे फिरणे घड्याळाच्या दिशेने. खालचा डावा आकडा −0.1 आहे, तोही तेच सांगतो. खऱ्या स्प्रिंगचा मार्ग x, v च्या कागदावर वर्तुळ असतो, आपला मार्ग 45° वर किंचित ताणलेले लंबवर्तुळ आहे, मोठा अक्ष छोट्यापेक्षा 5 टक्क्यांनी लांब. झोक्याच्या मापातली चूक उरली आहे, पण ती त्या लंबवर्तुळाच्या आकारात बंदिस्त आहे, दर फेरीला साचत नाही.

ही हमी कुठवर टिकते तेही ट्रेसवरून कळते. h कितीही घेतला तरी निश्चयक 1 च राहतो, पण ट्रेस 2 − h² आहे. आयगेनव्हॅल्यू संमिश्र राहायला ट्रेसचा वर्ग 4 पेक्षा कमी हवा, म्हणजे h < 2 हवा. h = 2.1 घेतला तर ट्रेस −2.41 होतो, विवेचक धन होतो, आणि मुळे −1.88 व −0.53 अशी वास्तव येतात. लंबवर्तुळ फुटून मोकळे झालेले असते: x दर पावलाला चिन्ह बदलत जवळजवळ दुपटीने वाढतो, आणि निश्चयक अजूनही 1 च असतो.